‘उद्याही जॉइन होईन’: कपातीनंतर रिक्रूटरला पाठवलेल्या एका मेसेजचं प्रकरण

पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्ट ऑटोमेशन लीड म्हणून काम करणाऱ्या बाईंचं हे प्रकरण आहे. अनुभव अकरा वर्षांचा, त्यातली शेवटची सात वर्षं याच कंपनीत. ओळख पटू नये म्हणून नावं गाळली आहेत आणि काही तपशील बदलले आहेत. मी स्वतः भरतीच्या कामात आहे, आधी कंपनीच्या आत आणि आता कन्सल्टन्सीत. त्यामुळे असे मेसेज रोजच वाचनात येतात. हा मात्र पाठवण्याआधी माझ्याकडे आला, म्हणून तो कच्चा कसा होता आणि पक्का कसा झाला हे दोन्ही पाहता आलं.

जूनच्या पहिल्या शुक्रवारी, 6 तारखेला, टीमला एक मीटिंगचं निमंत्रण आलं. परदेशातल्या मुख्य कार्यालयाने एक प्रॉडक्ट बंद करायचं ठरवलं होतं आणि पुण्यातली त्याची टेस्टिंगची पूर्ण टीम कमी होणार होती. एचआरने सांगितलं की सगळ्यांनी पोर्टलवर राजीनामा टाकावा. 31 जुलैपर्यंत पगार चालू राहील, त्या काळात काम नसेल, आणि नंतर फुल अँड फायनलबरोबर, म्हणजे नोकरी सोडतानाच्या शेवटच्या हिशेबाबरोबर, दोन महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम मिळेल. दुपारपर्यंत ईमेल सोडून बाकी सगळे अ‍ॅक्सेस बंद झाले होते.

रविवारी रात्री बाईंनी कोथरूडच्या एका छोट्या कन्सल्टन्सीतल्या रिक्रूटरसाठी मेसेज लिहिला. दोन वर्षांपूर्वी या रिक्रूटरने त्यांना एक जागा सुचवली होती आणि बाईंनी तेव्हा नम्रपणे नकार दिला होता. दोघींचं बोलणं मराठीतच झालेलं, म्हणून मेसेजही मराठीत:

> नमस्कार मॅडम, ओळखलंत का? आपण दोन वर्षांपूर्वी बोललो होतो. खूप अडचणीत आहे म्हणून मेसेज करतेय. शुक्रवारी अचानक आम्हा सगळ्यांना काढून टाकलं. सात वर्षं इतकं राबून शेवटी पंधरा मिनिटांच्या कॉलवर सांगितलं. घराचा हप्ता आहे, मुलीची शाळा आहे. मी इमिजिएट जॉइनर आहे, उद्याही जॉइन होईन. कुठलाही रोल चालेल, मॅन्युअल टेस्टिंगही करीन. पगाराचा प्रश्न नाही. प्लीज काहीतरी बघा, खूप अर्जंट आहे.

यात हप्ता आहे हे खोटं नाही आणि मनस्ताप तर अजिबात खोटा नाही. पण ‘उद्याही जॉइन होईन’ हे मात्र खरं नव्हतं. गंमत म्हणजे अख्ख्या मेसेजात रिक्रूटरच्या सर्वांत कामाचं असं तेच एक वाक्य होतं.

रिक्रूटरच्या बाजूने

कन्सल्टन्सीला पैसे क्लायंटकडून, म्हणजे माणूस हवा असलेल्या कंपनीकडून, उमेदवार रुजू झाल्यावर मिळतात. फी बहुतेक ठिकाणी वार्षिक सीटीसीच्या, म्हणजे कंपनी त्या माणसावर वर्षाला करते त्या एकूण पगारखर्चाच्या, टक्क्यांत ठरते. 8.33 टक्के, म्हणजे साधारण एक महिन्याचा पगार, हा जुना प्रचलित दर आहे, क्लायंटप्रमाणे तो कमीजास्त होतो. उमेदवार पहिल्या दोन-तीन महिन्यांत सोडून गेला तर बदली उमेदवार फुकट द्यावा लागतो किंवा फी परत करावी लागते. त्यामुळे मेसेज वाचताना रिक्रूटरच्या डोक्यात दोनच प्रश्न असतात: ही व्यक्ती खरंच रुजू होईल का, आणि झाली तर टिकेल का.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे वर्षानुवर्षं अवघड आहे. आयटीत 60 ते 90 दिवसांचा नोटीस पिरियड नेहमीचा. ऑफर हातात आल्यावर उमेदवार त्या तीन महिन्यांत आणखी दोन ऑफर मिळवतो आणि रुजू होण्याच्या आदल्या दिवशी फोन बंद करतो. रिक्रूटरच्या भाषेत हा ‘ड्रॉपआउट’. म्हणूनच नोकरी डॉट कॉमवर शोध घेताना नोटीस पिरियडची चाळणी पहिल्यांदा लावली जाते आणि दहा-पंधरा दिवसांत येऊ शकणाऱ्या माणसाला खरोखर भाव असतो. कपात झालेल्या माणसाला हे सहसा जाणवत नाही. आपण याचक आहोत असं वाटत असतं, आणि त्याच वेळी आपल्याकडे अशी एक गोष्ट असते जी नोकरीत असलेल्या दहा उमेदवारांकडे नसते.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र वरचा मेसेज पूर्ण आपटतो. अकरा वर्षांचा अनुभव असलेली लीड मॅन्युअल टेस्टिंग करीन म्हणते, पगाराचा प्रश्न नाही म्हणते. लिहिणाऱ्याला हा नम्रपणा वाटतो. वाचणारी मनात म्हणते, ही आज कुठेही बसेल आणि चार महिन्यांत बरं काही मिळालं की उठेल. दया येते, पण क्लायंटकडे प्रोफाइल जात नाही. आत्मसन्मान सांभाळून लिहावं असं मी सांगतो त्यामागे हे व्यवहारी कारण आहे. अगतिकता जोखमीसारखी वाचली जाते.

आणखी एक साधी गोष्ट. रिक्रूटर मेसेज वाचून लगेच एक एक्सेल शीट उघडते. तिला आमच्यात ट्रॅकर म्हणतात. त्यात एकूण अनुभव, संबंधित अनुभव, सध्याचा सीटीसी, अपेक्षित सीटीसी, नोटीस पिरियड, शेवटचा दिवस, ठिकाण, नोकरी सोडण्याचं कारण असे रकाने असतात. ज्या मेसेजवरून ही ओळ भरता येते तो पंधरा मिनिटांत पुढे सरकतो. वरच्या मेसेजवरून एकही रकाना भरत नव्हता. ‘इमिजिएट’ एवढाच भरला असता, तोही चुकीचा.

‘इमिजिएट’ का चुकीचं

31 जुलैपर्यंत पगार चालू म्हणजे 31 जुलैपर्यंत त्या जुन्या कंपनीच्या कर्मचारी. घरी बसल्या असल्या तरी. त्या काळात पीएफ जुन्याच कंपनीकडून भरला जाणार. नवीन कंपनीत 16 जूनला रुजू झाल्या असत्या तर दोन ठिकाणचा पीएफ एकाच काळात दिसला असता आणि पार्श्वभूमी तपासणीत ते दुहेरी नोकरी म्हणून पकडलं गेलं असतं. तपासणी करणाऱ्या एजन्सी आता सर्रास यूएएनवरची, म्हणजे पीएफच्या कायमच्या खाते क्रमांकावरची, सर्व्हिस हिस्टरी मागतात. रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख तिथे स्पष्ट असते.

म्हणजे ‘मी कधी येऊ शकते’ या प्रश्नाचं उत्तर बाईंकडे तेव्हा नव्हतंच. ते एचआरकडे होतं. म्हणून रिक्रूटरला लिहिण्याआधी त्यांनी सोमवारी एचआरला मेल लिहिला. फोन केला नाही, कारण हे उत्तर लेखी हवं होतं. त्यात तीन गोष्टी विचारल्या. 31 जुलैआधी दुसरीकडे रुजू व्हायची वेळ आली तर लवकर रिलीव्ह कराल का? किती दिवस आधी सांगावं लागेल? आणि लवकर गेले तर उरलेल्या दिवसांचा पगार आणि दोन महिन्यांची रक्कम, यांतलं काय मिळेल, काय जाईल?

बुधवारी उत्तर आलं. पाच कामाचे दिवस आधी कळवलं तर रिलीव्ह करू, उरलेल्या दिवसांचा पगार मिळणार नाही, दोन महिन्यांच्या रकमेला धक्का नाही. या एका मेलमुळे ‘उद्याही जॉइन होईन’ या वाक्याच्या जागी एक पक्कं वाक्य आलं: ऑफर मिळाल्यापासून दहा दिवसांत. पाच दिवस रिलीव्ह होण्याचे, मधला शनिवार-रविवार, आणि थोडी उसंत. क्लायंटच्या मॅनेजरला असंच वाक्य लागतं. तो कॅलेंडर उघडून तारीख लावू शकतो.

नोकरी डॉट कॉमवरही त्यांनी नोटीस पिरियडच्या जागी ‘Serving Notice Period’ निवडलं आणि शेवटचा दिवस 31 जुलै टाकला. लवकर येता येईल हे प्रोफाइलच्या मथळ्यात लिहिलं. बरेच जण चाळणीत वर यावं म्हणून तिथे ‘15 Days or less’ टाकतात आणि मग फोनवर सारवासारव करत बसतात.

घाई नेमकी किती

आता घाईचा भाग. मी बाईंना विचारलं की पैसे नेमके कधी संपतात. ‘लगेच’ असं उत्तर आलं. मग आम्ही कागदावर मांडलं.

घरखर्च महिन्याला 95,000 रुपये, त्यात वाकडच्या फ्लॅटचा हप्ता 46,000. यजमानांचं स्वतःचं छोटं डिझाइनचं काम, त्यातून सरासरी 35,000 येतात. म्हणजे पगार बंद झाल्यावर दर महिन्याला 60,000 कमी पडणार. लगेच काढता येईल अशी शिल्लक तीन लाख. 31 जुलैपर्यंत पगार. म्हणजे ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत, पाच महिने, घर चालतं. तेही दोन महिन्यांची रक्कम धरली नाही तर. ती धरू नये असंच मी म्हणालो, कारण फुल अँड फायनलला किती आठवडे लागतील याचा भरवसा कोणी देत नाही.

हा हिशेब मांडला आणि मेसेजचा सूर आपोआप बदलला. डिसेंबरची कड दिसत असताना ‘पगाराचा प्रश्न नाही’ हे वाक्य जूनमध्ये लिहिण्याचं काही कारण उरत नाही. बाईंनी स्वतःची रेघ आखली: ऑगस्टअखेर हातात ऑफर हवी. तोवर 22 लाखांच्या खाली यायचं नाही. सप्टेंबर उजाडला तर 20 पर्यंतचा विचार करायचा. ही दुसरी ओळ अर्थातच फक्त घरातल्या कागदावर.

तरीही घाई होतीच आणि ती लपवायची गरज नव्हती. 31 जुलैच्या आत ऑफर मिळाली तर त्या ‘नोकरीत असलेल्या’ उमेदवार म्हणून बोलणार होत्या, नंतर ‘नोकरी नसलेल्या’. पगाराच्या बोलणीत हा फरक पडतो. पडू नये, पण पडतो. म्हणून मेसेजात घाई लिहायची, ती तारखेच्या रूपात: जुलैअखेर निर्णय करायचा आहे. ‘अर्जंट’ हा शब्द रिक्रूटरच्या फोनवर दिवसातून पन्नास वेळा येतो, त्यातले चाळीस क्लायंटकडूनच आलेले असतात. तारीख लिहिली की तिला ठरवता येतं, आपल्याकडची कुठली जागा तेवढ्या वेळात हलते आणि कुठली हलत नाही.

हप्ता आणि मुलीची शाळा काढून टाकली. लाज वाटावी असं त्यात काही नाही. पण रिक्रूटरला त्या माहितीचं काही करता येत नाही, आणि पगार ठरवताना समोरच्याला तुमचा हप्ता माहीत असणं तुमच्या फायद्याचं नसतं.

पाठवलेला मेसेज

गुरुवार, 12 जून, सकाळी अकरा वाजता हा मेसेज गेला. सोमवारी सकाळी रिक्रूटर आठवड्याच्या मीटिंगमध्ये असते आणि शुक्रवारी दुपारनंतर मुलाखती लावण्याच्या गडबडीत, म्हणून मधला वार.

> नमस्कार मॅडम. टेस्ट ऑटोमेशन लीड, 11 वर्षं, पुणे. ऑफर मिळाल्यापासून 10 दिवसांत रुजू होऊ शकते. (दोन वर्षांपूर्वी तुम्ही मला एक लीडची जागा सुचवली होती, तेव्हा मी थांबले होते.)
>
> आमच्या कंपनीने एक प्रॉडक्ट बंद केलं, त्यात पुण्यातली टेस्टिंगची पूर्ण टीम कमी झाली. मीही त्यात आहे. कागदोपत्री शेवटचा दिवस 31 जुलै. सध्या काम नाही आणि लवकर रिलीव्ह करायला एचआरने मेलवर होकार दिला आहे.
>
> काम: सेलेनियम-जावा, एपीआय टेस्टिंग, शेवटची पाच वर्षं पेमेंट्समध्ये. सहा जणांची टीम सांभाळली. सीटीसी 22 लाख, अपेक्षा 22 ते 25, जागेप्रमाणे. पुणे, आठवड्यातून तीन दिवस ऑफिस चालेल.
>
> एका ठिकाणी पहिली फेरी झाली आहे. जुलैअखेर निर्णय करायचा आहे, त्यामुळे पुढच्या पाच-सहा आठवड्यांत हलेल अशी जागा तुमच्याकडे असेल तर बोलू या. नसेल तर तसं कळवलंत तरी चालेल.
>
> सीव्ही जोडला आहे. प्रोफाइल कुणाला पाठवण्याआधी क्लायंटचं नाव मला सांगाल, ही विनंती. दुपारी 12 नंतर केव्हाही फोन करा.

पहिली ओळ मुद्दाम तशी आहे. फोनच्या पडद्यावर सूचना येते तेव्हा पहिल्या दोन ओळीच दिसतात, आणि ‘ओळखलंत का’ या प्रश्नावर कामाच्या वेळी कुणी मेसेज उघडत नाही.

कपातीबद्दलचं वाक्य आम्ही सर्वांत जास्त वेळ घोळवलं. ‘काढून टाकलं’ ऐवजी काय लिहायचं? ‘करिअरमध्ये नवीन वाट शोधते आहे’ असलं काही लिहिलं तर रिक्रूटरला लगेच वास येतो की काहीतरी झाकलं जातंय. शेवटी जे झालं ते क्रमाने लिहिलं: प्रॉडक्ट बंद, टीम कमी, मी त्यात. कारण आधी, परिणाम मग. ‘पूर्ण टीम’ हे दोन शब्द महत्त्वाचे, कारण कपात म्हटली की पहिली शंका कामगिरीची येते आणि इथे ती आपोआप मिटते. पूर्ण टीम गेली नसती तर हे शब्द वापरता आले नसते. मग ‘पुण्यातल्या टीममधल्या काही जागा कमी झाल्या, त्यात माझी होती’ एवढंच लिहून थांबायचं, आणि आधीच्या मॅनेजरचा संदर्भ देण्याची तयारी ठेवायची.

‘एका ठिकाणी पहिली फेरी झाली आहे’ हे खरं होतं म्हणून लिहिलं. नसतं तर लिहायचं नव्हतं. रिक्रूटरचा पुढचा प्रश्न हमखास असतो, कोणती कंपनी आणि कितवी फेरी, आणि पुण्यातलं हे वर्तुळ फार मोठं नाही.

फोन

संध्याकाळी पाच वाजता फोन आला. बाईंनी नंतर सांगितलेला संवाद साधारण असा.

‘मॅडम, कागदावर राजीनामा आहे की टर्मिनेशन?’

‘राजीनामा आहे. कंपनीने सगळ्यांनाच तसं करायला सांगितलं. कारण टीम बंद झाल्याचं आहे आणि तसा एचआरचा मेल माझ्याकडे आहे. रिलीव्हिंग लेटर नेहमीसारखंच मिळेल.’

हे मेसेजात नव्हतं आणि नसायलाच हवं होतं. पहिल्याच मेसेजात राजीनामा आणि कपात यांचा खुलासा करायला गेलं की साधी गोष्ट गुंतागुंतीची वाटू लागते. पण विचारल्यावर मात्र आढेवेढे न घेता सांगायचं. तपासणीत जुनी कंपनी ‘रिझाइन्ड’ असंच कळवणार, रिक्रूटरला ते आधी माहीत असलं म्हणजे तिची अडचण होत नाही.

‘आणि अठरावर तयार व्हाल का? एक चांगला क्लायंट आहे, पण बजेट तेवढंच आहे. तुमची परिस्थिती पाहता म्हटलं विचारावं.’

मेसेज कितीही नीट असला तरी हा प्रश्न येतोच. त्यात वाईट हेतू असतोच असं नाही, तिच्या ट्रॅकरवर अठराची जागा उघडी असते इतकंच. बाई म्हणाल्या, ‘अठरावर नाही जमणार. बावीसच्या आसपासचं काही असेल तर मी लगेच मुलाखतीला तयार आहे. पुढे माझा विचार बदलला तर मी स्वतः तुम्हाला फोन करीन.’ शेवटच्या वाक्याने दार उघडं राहिलं आणि आकडाही हलला नाही. रिक्रूटरने दुसऱ्या दिवशी वेगळा क्लायंट सुचवला, बजेट 24.

होल्ड, आणि एक घोळ

त्या क्लायंटकडे दोन फेऱ्या झाल्या, दोन्ही चांगल्या. मग 27 जूनला रिक्रूटरचा मेसेज आला: ‘पोझिशन होल्डवर गेलीय.’ अशी जागा कधी महिन्याने उघडते, कधी उघडतच नाही. बाईंची दुसरी, स्वतः शोधलेली मुलाखतही त्याच आठवड्यात नकारात संपली होती.

या टप्प्यावर माणसं रोज ‘काही अपडेट?’ विचारू लागतात. बाईंनी चार कामाचे दिवस थांबून 3 जुलैला एकच मेसेज केला: ‘होल्डचं कळलं, तुम्ही लगेच सांगितलंत त्याबद्दल आभार. माझी स्थिती तीच आहे, ऑफरपासून दहा दिवस. 31 जुलैनंतर पूर्ण मोकळी. पेमेंट्स किंवा बँकिंगमधली दुसरी लीडची जागा असेल तर या आठवड्यात मुलाखत देऊ शकते.’ दुसरी मुलाखत चालू असल्याचं वाक्य यात नव्हतं, कारण ती आता चालू नव्हती. नकार आला हे सांगायची गरज नव्हती, पण जुनं वाक्य पुन्हा चालवणं हा खोटेपणा झाला असता.

दरम्यान एक घोळ होता होता वाचला. दुसऱ्या एका कन्सल्टन्सीने बाईंना फोन करून ‘एक मोठी फिनटेक कंपनी’ एवढंच सांगितलं आणि सीव्ही पाठवायची परवानगी मागितली. घाईत असलेला माणूस अशा सगळ्यांनाच हो म्हणतो. मग एकाच क्लायंटकडे एकच प्रोफाइल दोन कन्सल्टन्सींकडून पोहोचतं, फीवर दोघांचा दावा लागतो, आणि त्या वादात पडण्यापेक्षा क्लायंट प्रोफाइलच बाजूला ठेवतो. उमेदवाराला कळतही नाही की नकार कशामुळे आला. बाईंनी नाव विचारलं तर ती होल्डवर गेलेलीच कंपनी निघाली. ‘तिथे माझं प्रोफाइल आधीच गेलंय’ असं सांगून त्यांनी थांबवलं. मेसेजातली क्लायंटचं नाव सांगण्याची विनंती यासाठीच होती. तेव्हापासून त्यांनी वहीच्या एका पानावर तीन रकाने केले: तारीख, क्लायंट, कुणामार्फत.

ऑफर आणि तारखा

कोथरूडच्या रिक्रूटरकडूनच पेमेंट्समधली दुसरी जागा आली. शुक्रवारी, 11 जुलैला ऑफर लेटर आलं, 23 लाखांचं. रुजू होण्याची तारीख सोमवार, 21 जुलै, म्हणजे मेसेजात लिहिलेले दहा दिवस. सोमवारी 14 तारखेला बाईंनी एचआरला त्या जुन्या मेलच्या धाग्यातच उत्तर देऊन रिलीव्ह करायला सांगितलं आणि शेवटचा दिवस 18 जुलै ठरला.

पैशांचा एक भाग इथे सांगायला हवा, कारण लवकर रुजू होण्याची किंमत अशी कुठे लिहिलेली नसते. नवीन कंपनीत पगाराची यादी 20 तारखेला बंद होते. 21 ला रुजू झालेल्याचा जुलैचा पगार ऑगस्टच्या पगाराबरोबर येणार. जुन्या कंपनीने शेवटच्या महिन्याचा पगार फुल अँड फायनलसाठी रोखून धरला. म्हणजे जूनअखेरच्या पगारानंतर थेट ऑगस्टअखेर. जुलै पूर्ण थांबून 1 ऑगस्टला रुजू झाल्या असत्या तरी जुलैचा पगार रोखलाच गेला असता, हे एचआरला विचारून घेतलं होतं, त्यामुळे लवकर जाण्यात नुकसान नव्हतं. पण शिलकीतून 60,000 काढावे लागले आणि ते कागदावर आधीच मांडलेले होते.

तपासणीत एक अडकलं. रिलीव्हिंग लेटरवर 18 जुलै होतं, पण जुन्या कंपनीच्या सिस्टममध्ये पहिलाच 31 जुलै राहिला आणि पीएफच्या नोंदीतही सोडण्याची तारीख तीच भरली गेली. नवीन कंपनीच्या एजन्सीला 21 ते 31 जुलै असे अकरा दिवस दोन नोकऱ्या दिसल्या आणि त्यांनी खुलासा मागवला. बाईंकडे एचआरचे दोन्ही मेल होते, लवकर रिलीव्ह करण्याचा होकार आणि 18 तारखेची मान्यता. ते जोडून पाठवले, जुन्या कंपनीकडे तारीख दुरुस्त करण्याची मागणी केली, आणि रिक्रूटरलाही त्याची प्रत दिली, कारण तपासणी अडकली की पहिला फोन तिलाच जातो. एजन्सीने मेल ग्राह्य धरून अहवाल मोकळा केला. पीएफची नोंद दुरुस्त व्हायला मात्र सप्टेंबर उजाडला.